मुखत्यारपत्राचे भाषांतर : नोटरी आणि अपोस्टिल मूळ दस्तावर की भाषांतरावर?

शर्वरी

मी मराठीतून इंग्रजीत कायदेविषयक भाषांतरे करते, पण परदेशात वापरायचा दस्त पहिल्यांदाच हाती आला आहे. एका वयस्कर बाईंच्या नावे स्पेनमधील एका सदनिकेचा अर्धा हिस्सा आहे. ती विकण्यासाठी त्यांनी तिथे राहणाऱ्या मुलाला मुखत्यारपत्र लिहून दिले आहे. दस्त चार पानांचा आणि पूर्णपणे मराठीत आहे. त्यावर बाईंची सही नोटरीसमोर झाली असून परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला, म्हणजे अपोस्टिल, अजून घेतलेले नाही. सोबत एक प्रतिज्ञापत्र आहे. पासपोर्टावरील नाव आणि स्पेनमधील खरेदीखतातील नाव यांच्या इंग्रजी अक्षरांत फरक असल्यामुळे, ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे त्यात लिहिले आहे.

ज्या मध्यस्थाने हे काम आणले, त्याचे म्हणणे असे की मी इंग्रजी भाषांतर करून त्यावर नोटरी घ्यावी आणि अपोस्टिलही त्या भाषांतरावरच घ्यावे, म्हणजे मूळ मराठी कागद इथेच राहिला तरी चालेल. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. माझ्या प्रमाणपत्राखाली नोटरी सही करतो, तेव्हा तो नेमके कशाला दुजोरा देतो? आणि मूळ दस्तावरचे शिक्के, तिकिटे, नोटरीचा हाताने लिहिलेला शेरा हे सगळे भाषांतरात घ्यायचे का?

विनायक_द

मध्यस्थ बरोबर सांगतो आहे. परदेशातला अधिकारी मराठी वाचणार नाही, तो इंग्रजी कागदच हातात घेणार, म्हणून अपोस्टिल त्याच कागदावर हवे. नोटरीने भाषांतरावर सही केली की भाषांतर बरोबर असल्याचे सरकारी प्रमाणपत्र मिळाले, आणि अपोस्टिल लागले की तो कागद जगभर चालतो. आमच्या कार्यालयातून असे अनेक कागद गेले आहेत आणि एकही परत आलेला नाही. शिक्के मात्र जरूर भाषांतरित करा, तेवढे तुमचे बरोबर आहे.

जुना_नाझर

विनायकराव, शिक्क्यांपुरते आपण सहमत आहोत. बाकीच्या बाबतीत मला दोन पायऱ्या मागे जावे लागेल, कारण गोंधळ अपोस्टिल या शब्दाभोवती नसून सही कोणाची आणि दुजोरा कोणाचा, या प्रश्नाभोवती आहे.

अपोस्टिल ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आले. अपोस्टिलने काय सिद्ध होते, हे त्या कराराच्या पाचव्या कलमात लिहिले आहे : कागदावरची सही खरी आहे, सही करणारा ज्या पदावरून सही करतो ते पद त्याच्याकडे आहे, आणि शिक्का असल्यास तो त्याचाच आहे. एवढेच. मजकूर खरा आहे, कायदेशीर आहे किंवा नीट भाषांतरित आहे, यांपैकी काहीही अपोस्टिल सांगत नाही. अपोस्टिलचा चौकोनी कागद हाताशी असेल तर त्यातल्या दहा रकान्यांपैकी दुसरा आणि तिसरा रकाना वाचा. सही कोणाची आणि कोणत्या नात्याने, हे तिथे असते. तिथे तुमच्या अशील बाईंचे नाव नसून एखाद्या अधिकाऱ्याचे असते.

आता तुमचे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू. मूळ मुखत्यारपत्रावर बाईंची सही आहे, त्या सहीला नोटरीचा दुजोरा आहे, आणि त्यानंतरच्या अधिकृत सहीला अपोस्टिलचा दुजोरा मिळेल. म्हणजे अपोस्टिलपासून सुरुवात करून मागे मागे गेलात, तर शेवटी बाईंच्या हातापर्यंत पोचता. मध्यस्थाने सुचवलेल्या कागदावर मात्र भाषांतरकाराची, म्हणजे तुमची सही आहे. तिला नोटरीचा दुजोरा आहे आणि नोटरीच्या मागोमाग अपोस्टिल आहे. मागे मागे गेलात, तर तुमच्या हातापर्यंत पोचता आणि तिथेच थांबता. बाईंनी कोणाला काही अधिकार दिला, हे त्या कागदावर फक्त तुमच्या सांगण्यावरून आहे. घर विकण्याचा अधिकार भाषांतरकाराच्या सांगण्यावरून कोण मान्य करील?

म्हणून अपोस्टिल आधी मूळ दस्तावर घ्यायचे आणि मग अपोस्टिलसह संपूर्ण कागदाचे भाषांतर करायचे. भाषांतर आधी करून ठेवले आणि अपोस्टिल नंतर लागले, तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की भाषांतर नेमके कोणत्या कागदाचे आहे.

नोटरीबद्दल. १९५२ च्या नोटरी कायद्यातील आठव्या कलमानुसार नोटरीला स्वतः भाषांतर करण्याचा आणि दुसऱ्याचे भाषांतर पडताळण्याचा अधिकार आहे, त्यामुळे विनायकरावांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण तो अधिकार वापरला आहे की नाही, हे शेऱ्याच्या शब्दांवरून कळते. 'दोन्ही मजकूर मी ताडून पाहिले आणि भाषांतर बरोबर आढळले' असा शेरा असेल, तर नोटरीने अचूकतेची जबाबदारी घेतली. 'माझ्यासमोर सही केली' एवढेच असेल, तर त्याने फक्त इतके सांगितले की शर्वरीताई आल्या होत्या आणि सही त्यांचीच आहे. माझ्या पाहण्यात दुसऱ्या प्रकारचे शेरे कितीतरी अधिक आहेत, आणि त्यात नोटरीचा दोष नाही. वाचता न येणाऱ्या किंवा न वाचलेल्या मजकुराची हमी त्याने देऊच नये.

सुलभा_जो

आमचा अनुभव वेगळा आहे. मुलीच्या पदवी प्रमाणपत्राला अपोस्टिल हवे होते. ते इंग्रजीतच असल्याने भाषांतराचा प्रश्न आला नाही, नोटरीही लागला नाही, आणि चौकोनी कागद मूळ प्रमाणपत्राच्या मागे चिकटवून मिळाला. तेव्हा शर्वरीताई, नोटरीच्या भानगडीत पडू नका, थेट अपोस्टिलला द्या.

जुना_नाझर

सुलभाताई, पदवी प्रमाणपत्रावर विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची सही असते. तो कागद मुळातच संस्थेने दिलेला असतो, त्यामुळे त्याची पडताळणी शिक्षण खात्याकडून होते. मुखत्यारपत्र खासगी व्यक्तीने लिहिलेले असते. कराराच्या पहिल्या कलमानुसार अपोस्टिल सार्वजनिक दस्तऐवजालाच लागते, आणि खासगी कागद त्या व्याख्येत येतो तो त्यावरच्या अधिकृत दाखल्यामुळे, म्हणजे इथे नोटरीच्या शेऱ्यामुळे. नोटरी वगळला, तर अपोस्टिल लावायला जागाच उरत नाही.

वेलांटी

मी स्पॅनिश-इंग्रजी भाषांतर करते आणि काही वर्षे स्पेनमधील एका वकिली कार्यालयासाठी असेच कागद तयार केले आहेत, म्हणून तिकडची बाजू सांगते. नाझरसाहेबांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे, पण या प्रकरणात तो पुरेसा नाही.

पहिली गोष्ट भाषेची. तिथला नोटरी इंग्रजी भाषांतरावर समाधानी राहील, असे धरून चालू नका. त्याला स्पॅनिश भाषांतर लागेल, आणि तेही तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचे. त्या भाषांतरकाराची सही, शिक्का आणि ठरावीक शब्दांतला दाखला पुरेसा असतो. स्पेनमध्ये वापरण्यासाठी त्याच्या भाषांतराला वेगळा नोटरी लागत नाही आणि अपोस्टिलही लागत नाही. पण मराठीतून स्पॅनिशमध्ये असा भाषांतरकार मिळणे दुरापास्त आहे, म्हणून वाट इंग्रजीतून जाते. शर्वरीचे इंग्रजी भाषांतर हे अशा वेळी वाचकासाठी केलेली सोय राहत नाही. पुढच्या शपथबद्ध भाषांतराचा तो पाया होतो. तिथला भाषांतरकार शपथेवर एवढेच सांगू शकतो की इंग्रजीचे स्पॅनिश बरोबर आहे. मराठीचे इंग्रजी बरोबर आहे, हे सांगणारी साखळी आपल्याला इकडेच बांधून द्यावी लागते. त्या अर्थाने मध्यस्थाच्या डोक्यात आलेली गोष्ट अर्धी बरोबर आहे. अशा प्रकरणात भाषांतरालाही नोटरी आणि अपोस्टिल लागू शकते, पण मूळच्या अपोस्टिलच्या जागी नव्हे, तर त्याच्या जोडीला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि तिचा भाषांतराशी संबंध नाही. स्पेनमधील नोटरी हा केवळ सही पाहणारा अधिकारी नसतो. माणसाची ओळख पटवणे, त्याला दस्ताचा अर्थ कळतो याची खात्री करणे आणि दस्त कायद्यात बसतो की नाही हे पाहणे, हे सगळे त्याचे काम असते. त्यामुळे परदेशातून आलेले मुखत्यारपत्र समोर आले की तो विचारतो : तिकडच्या नोटरीने माझ्या कामाच्या तोडीचे काम केले आहे का? शेऱ्यात फक्त 'सही माझ्यासमोर झाली' असेल, तर अपोस्टिल निर्दोष असूनही स्थावर मालमत्तेच्या विक्रीसाठी तो दस्त नाकारला जातो. अपोस्टिलमुळे नोटरी खरा ठरतो, पण त्याने न केलेले काम त्यामुळे केल्यासारखे होत नाही.

शर्वरी, मूळ दस्तावरच्या शेऱ्याचे शब्द इथे देशील का?

शर्वरी

शेरा असा आहे : 'लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली, ओळख वकिलांनी दिली.' त्याखाली तारीख, नोंदवहीचा क्रमांक, गोल शिक्का आणि तिकिटे आहेत. पासपोर्टाचा उल्लेख नाही. दस्त वाचून दाखवला किंवा समजावून सांगितला, असेही नाही. वेलांटीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर हा शेरा फारच तोकडा वाटू लागला आहे.

मग मी भाषांतर करायचे की नाही? आणि केले, तर ओळखीचे वाक्य इंग्रजीत जरा भरीव करता येईल का?

जुना_नाझर

भरीव करता येणार नाही. मूळ शेरा तोकडा असेल, तर भाषांतरातही तो तेवढाच तोकडा दिसला पाहिजे. वकिलाने ओळख दिली आणि तुम्ही 'ओळखपत्र पाहून खात्री केली' असे लिहिले, तर उद्या दोन्ही कागद ताडून पाहणारा कोणीही संपूर्ण भाषांतर खोटे ठरवील, आणि त्यावर तुमच्या प्रमाणपत्राची सही असेल.

माझा सल्ला असा की हा दस्त बाजूला ठेवून नव्याने करावा. बाई हयात आहेत, सही करू शकतात आणि विक्री अजून व्हायची आहे, मग फाटक्या कागदाला ठिगळे कशाला लावायची? नवा दस्त दोन स्तंभांत करा. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, परिच्छेदाला परिच्छेद समोरासमोर. तुमचे भाषांतर मग भाषांतर म्हणून उरत नाही, तो दस्ताचाच भाग होतो. बाई प्रत्येक पानावर सही करतील, म्हणजे इंग्रजी शब्दही त्यांचेच होतील, आणि एका नोटरीच्या एका शेऱ्यावर एकच अपोस्टिल पुरेल. तुमच्या प्रमाणपत्राचा, त्यावरच्या नोटरीचा आणि दुसऱ्या अपोस्टिलचा अख्खा प्रश्नच संपतो. दोन्ही मजकुरांत फरक आढळल्यास कोणता ग्राह्य धरायचा, हे मात्र एका कलमात लिहा.

शेऱ्यात चार गोष्टी येऊ द्या : लिहून देणार यांची ओळख पासपोर्ट पाहून पटवली आणि त्याचा क्रमांक, त्या हा दस्त करण्यास सक्षम असल्याचे नोटरीचे मत, दस्त त्यांना मराठीत वाचून व समजावून सांगितला, आणि त्यांनी स्वखुशीने सही केली. शेराही दोन्ही भाषांत असावा. नोटरीला इंग्रजी येत असल्यामुळे याला तो सहसा हरकत घेत नाही, पण मजकूर आधी नेऊन दाखवा. ऐनवेळी त्याच्यापुढे ठेवू नका.

विनायक_द

हे सगळे ठीक आहे, पण एकदा केलेला दस्त पुन्हा करायला लावणे म्हणजे अशिलाला नाहक फिरवणे नाही का? मूळ कागदावर अपोस्टिल घ्या, भाषांतरावरही घ्या, दोन्ही पाठवून द्या. तिकडे हेग करारातला कोणताही देश अपोस्टिल नाकारूच शकत नाही.

जुना_नाझर

'कोणताही देश' हे बरोबर नाही. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ रोजी लागू झाला, पण नव्याने येणाऱ्या देशाबद्दल आधीचे सदस्य हरकत घेऊ शकतात, आणि जर्मनीने भारताबाबत ती घेतलेली आहे. दोन्ही देश करारात असूनही त्या दोघांमध्ये अपोस्टिल चालत नाही, आणि तिथे कागद पाठवायचा असेल तर वेगळी वाट धरावी लागते. स्पेनची अडचण नाही. पण स्पेनला अपोस्टिल मान्य असणे आणि तिथल्या नोटरीला मुखत्यारपत्र पुरेसे वाटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेलांटीताईंनी ते वर लिहिले आहेच.

फिरवण्याबद्दल म्हणाल, तर अपुरा कागद पाठवून महिनाभराने परत येणे, हेही फिरणेच आहे.

वेलांटी

नवा दस्त करणार असाल, तर सहीपूर्वी त्याचा मसुदा स्पेनमधील नोटरीला पाठवा. बहुतेक वेळा तो स्वतःचाच मसुदा पाठवतो, कधी कधी थेट स्पॅनिश-इंग्रजी अशा दोन स्तंभांत. मुखत्याराला दिलेले अधिकार त्याला मोघम चालत नाहीत. 'विक्रीसंबंधी सर्व कामे करणे' असे वाक्य आपल्याकडच्या दस्तांत सर्रास असते. तिथे मात्र विकणे, किंमत ठरवणे, रक्कम स्वीकारणे, पावती देणे आणि कर भरणे हे वेगवेगळे लिहिलेले हवे असते. मुलगा स्वतःच दुसऱ्या अर्ध्या हिस्स्याचा मालक असेल किंवा विकत घेणाऱ्याशी त्याचा हितसंबंध असेल, तर तसा परवानगीचा उल्लेखही लागतो.

आणखी एक वाट आहे, जी कोणी सुचवली नाही. बाई प्रवास करू शकत असतील, तर स्पेनच्या वाणिज्य दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र करता येते. तिथे दूतावासाचा अधिकारीच नोटरीचे काम करतो, दस्त स्पॅनिशमध्ये होतो, आणि तो स्पेनचाच दस्त असल्यामुळे अपोस्टिल आणि भाषांतर या दोन्हींची गरज राहत नाही. शर्वरीचे काम त्यात जाते खरे.

शर्वरी

काम गेले तरी मी त्यांना ही वाट सुचवली. पण बाईंना लांबचा प्रवास जमण्यासारखा नाही, म्हणून दोन स्तंभांचा मार्ग धरला आहे. मुलाने तिथल्या नोटरीकडून अधिकारांची यादी मागवली आणि तिच्यावरून मी मसुदा तयार करते आहे. त्यात शब्दांच्या काही अडचणी आल्या.

पहिली म्हणजे शीर्षकाची. जुन्या दस्ताचे शीर्षक 'कुलमुखत्यारपत्र' होते, पण आतला मजकूर एकाच सदनिकेपुरता होता. मी सरळ भाषांतर केले असते, तर इंग्रजीत तो सर्वसाधारण अधिकाराचा दस्त झाला असता आणि शीर्षक व मजकूर यांची फारकत झाली असती. नव्या दस्तात 'विशेष मुखत्यारपत्र' असे केले.

दुसरी अडचण प्रतिज्ञापत्राची. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते' याचे मध्यस्थाच्या जुन्या नमुन्यात शपथ घेतल्याचे इंग्रजी केलेले होते. बाईंनी शपथ घेतलेली नाही, सत्यप्रतिज्ञा केली आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी वेगळी क्रियापदे आहेत आणि मी प्रतिज्ञेचेच वापरले. इथपर्यंत बरोबर आहे ना?

अनुस्वार

शीर्षकाबाबत तुम्ही नशीबवान ठरलात, कारण दस्त नव्याने होतो आहे. केवळ भाषांतर असते, तर शीर्षक जसेच्या तसे ठेवून खाली भाषांतरकाराची टीप द्यावी लागली असती. मूळ दस्तातली चूक भाषांतरकाराने दुरुस्त करू नये, हा नियम मी कसोशीने पाळतो. एका दस्तात क्षेत्रफळ आकड्यात आणि अक्षरात वेगवेगळे होते. मी दोन्ही तसेच ठेवून टीप दिली. अशील नाराज झाला, पण तिकडच्या वकिलाने टीप पाहून मूळ दस्त दुरुस्त करून घेतला.

प्रतिज्ञेचे क्रियापद बरोबर आहे. माझा अधिक भर नावावर आहे. प्रतिज्ञापत्राचा विषयच अक्षरांतला फरक आहे. पासपोर्टातले रूप आणि खरेदीखतातले रूप, दोन्ही ज्या अक्षरांत छापलेली आहेत त्याच अक्षरांत, अवतरणचिन्हांत, मराठी स्तंभातही तशीच द्या. मराठी स्तंभात दोन्ही देवनागरीत लिहिलीत, तर दोन्ही रूपे सारखीच दिसतील आणि प्रतिज्ञापत्राला अर्थच उरणार नाही. तारखाही महिन्याचे नाव लिहूनच द्या. तीन एप्रिल आणि चार मार्च यांत घोटाळा होऊन कागद परत आलेला मी पाहिला आहे.

शर्वरी

बाप रे, नावाची दोन्ही रूपे मी देवनागरीतच लिहून ठेवली होती. बरे झाले विचारले.

सुलभा_जो

एक शंका, कदाचित बाळबोध असेल. मुलालाच दोन्ही भाषा येतात, तर भाषांतर त्यानेच करून सही केली असती तर काय बिघडले असते?

जुना_नाझर

शंका बाळबोध नाही. ज्याला अधिकार मिळणार आहे त्यानेच अधिकाराचे शब्द भाषांतरित करावेत, हे कोणत्याही वाचणाऱ्याला खटकेल. मनाई कुठे लिहिलेली असो वा नसो, मी तसे करू देणार नाही.

अनुस्वार

मूळ मुद्द्याकडे येतो. दोन स्तंभांच्या दस्ताबद्दल मला एक अडचण दिसते. शपथबद्ध भाषांतरकार इंग्रजी स्तंभाचे स्पॅनिश करील, पण त्याच पानावर त्याला न कळणारा मराठी स्तंभ असेल. तो काय करील? संपूर्ण दस्ताचे भाषांतर केले, असे त्याला म्हणता येणार नाही. मग दस्त केवळ इंग्रजीतच केला आणि 'मराठीत वाचून समजावला' असा शेरा घेतला, तर अधिक सुटसुटीत होणार नाही का?

वेलांटी

माझ्या अनुभवात भाषांतरकार कंसात लिहितो की डाव्या स्तंभात दुसऱ्या भाषेतील मजकूर आहे व तो भाषांतरित केलेला नाही, आणि ते चालून जाते. एका नोटरीने मात्र विचारले होते की न भाषांतरित केलेल्या भागात वेगळे काही नाही, हे कशावरून? तिथे इंग्रजी मजकूर ग्राह्य धरण्याचे कलम दाखवल्यावर प्रश्न मिटला.

जुना_नाझर

अनुस्वार यांची सूचना व्यवहाराच्या दृष्टीने सोपी आहे, हे मी मान्य करतो. पण बाईंना इंग्रजी येत नाही. न कळणाऱ्या भाषेत घर विकण्याचा अधिकार द्यायचा आणि भरवसा फक्त नोटरीच्या एका ओळीवर ठेवायचा, हे मला पसंत नाही. उद्या घरातच वाद झाला, तर डावा स्तंभ बाईंच्या बाजूने बोलेल.

अनुस्वार

आणि त्याच डाव्या स्तंभाला तुमच्याच कलमाने दुय्यम ठरवले असेल. इथे आपले मत जुळणार नाही असे दिसते.

शर्वरी

बरेच दिवसांनी लिहिते आहे. दस्त दोन स्तंभांतच झाला, कारण बाईंनी स्वतः सांगितले की मराठी समोर असल्याशिवाय त्या सही करणार नाहीत. ग्राह्य मजकूर इंग्रजी ठेवला. नोटरीने चारही गोष्टी शेऱ्यात घेतल्या. आधी तो नाखूश होता, पण मसुदा दोन दिवस आधी दिल्यामुळे त्याने तो वाचून एक शब्द बदलून दिला.

नंतर एक अनपेक्षित प्रकार घडला. अपोस्टिलच्या आधीच्या पडताळणीसाठी कागद देताना कोणीतरी छायाप्रत काढण्यासाठी पिना काढून पुन्हा लावल्या. पानांच्या कोपऱ्यावर दोन-दोन भोके दिसू लागली आणि पानांच्या जोडावर मारलेला नोटरीचा शिक्का अर्धा सरकला. अपोस्टिल मिळाले, पण स्पेनमधील भाषांतरकाराने स्कॅन पाहताच विचारले की मधले पान बदललेले नाही कशावरून. प्रत्येक पानावर बाईंची सही आणि नोटरीची आद्याक्षरे असल्यामुळे आम्ही सुटलो. भाषांतरात मात्र त्याने पिना काढून पुन्हा लावल्याच्या खुणांची टीप दिलीच, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही दिली असती.

मुखत्यारपत्र आता तिथल्या नोटरीकडे आहे. प्राथमिक होकार आला आहे, विक्रीची तारीख ठरायची आहे. प्रतिज्ञापत्र मात्र मागे राहिले. मी ते मुखत्यारपत्रालाच जोडून एकत्र शिवले होते आणि धरून चालले की एकच अपोस्टिल दोन्हींना पुरेल.

जुना_नाझर

प्रतिज्ञापत्राला नोटरीचा स्वतंत्र शेरा आणि स्वतंत्र नोंद क्रमांक आहे का? असेल, तर तो वेगळा दस्त आहे आणि त्याच्या सहीला कोणी दुजोरा दिलेला नाही. मुखत्यारपत्राच्या शेऱ्यातच 'सोबतच्या परिशिष्टासह' असा उल्लेख असता, तर एक अपोस्टिल पुरले असते.

शर्वरी

स्वतंत्र शेरा आहे, क्रमांकही वेगळा आहे. परिशिष्टाचा उल्लेख नाही.

वेलांटी

शिवण उसवू नकोस. आहे तो दस्त तसाच राहू दे आणि प्रतिज्ञापत्र नव्याने करून त्यालाच अपोस्टिल घे. पण त्याआधी तिथल्या नोटरीला एक प्रश्न विचार : नव्या मुखत्यारपत्रात पासपोर्टातले नाव आणि खरेदीखतातले नाव दोन्ही दिलेले आहेत, तर त्याला प्रतिज्ञापत्र अजून हवे आहे का? कधी कधी त्याला बाईंच्या म्हणण्यापेक्षा एखाद्या अधिकाऱ्याने दिलेला दाखलाच हवा असतो, आणि मग प्रतिज्ञापत्रावरचा सगळा खर्च वाया जातो.

शर्वरी

आजच विचारते. उत्तर आले की इथे लिहीन.